जिम नव्हे, पार्किंगच्या तीन फेऱ्या: अंगात त्राणच नसतं तेव्हा काय हलवायचं?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अं' आणि मागून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग थोडा वैयक्तिक आहे. गेल्या वर्षीच्या जुलैपासून सुरुवात करतो. पुण्यात सलग पाऊस चालू होता आणि मी हिंजवडीजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमधून काम करत होतो. काम करत होतो म्हणजे काय, तर सकाळी अकराचा स्टँडअप कॅमेरा बंद ठेवून अंथरुणातूनच द्यायचो. "येस्टरडे आय वर्क्ड ऑन द सेम टिकेट" असं म्हणायचो आणि म्यूट करून परत आडवा. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. पण दात घासायला उठायचं म्हटलं तरी चौथा मजला जिन्याने चढायचाय असं वाटायचं.

त्यात जिमची वर्षभराची फी भरलेली होती. रोज सकाळी नऊला फोनवर त्यांचं नोटिफिकेशन यायचं, ते बघून मी अजून खचायचो. मग रात्री यूट्यूबवर 'बिगिनर्ससाठी वीस मिनिटांचा वर्कआउट' शोधायचो. त्यातला माणूस पहिल्या मिनिटाला उड्या मारायला लागला की व्हिडिओ बंद. डोक्यात दोनच पर्याय होते, पूर्ण वर्कआउट किंवा काहीच नाही. आणि पहिला जमत नव्हता, म्हणून रोज दुसराच निवडला जात होता.

आज आपण या दोन पर्यायांच्या मधल्या जागेबद्दल बोलणार आहोत. एनर्जी एकदम तळाला गेलेली असताना मूडसाठी कोणती हालचाल करायची, किती करायची, ती नक्की काय काम करते आणि काय करत नाही.

आधी एक गोष्ट: तपासणी

हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण मी ते उशिरा केलं. तीन आठवडे असे गेल्यावर माझ्या रूममेटने मला जवळच्या डॉक्टरांकडे जवळपास ढकलतच नेलं. त्यांनी मूडबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. कारण अंगात त्राण नसणं हे उदासीचंही लक्षण असतं आणि रक्त कमी असल्याचंही, थायरॉइड मंदावल्याचंही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

माझं बी-१२ कमी निघालं. घरात सगळे शाकाहारी, त्यामुळे फार आश्चर्य नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत एका समुपदेशकांकडे जायला सांगितलं. म्हणजे पुढे मी जे सांगणार आहे त्यात गोळ्यांचा वाटा किती, बोलण्याचा किती आणि हालचालीचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण हालचालीचा त्याच दिवशी, त्याच तासात होणारा परिणाम मी मोजला होता. आज बोलणार आहे ते त्याबद्दल.

मूड आधी की हालचाल आधी?

समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही कशाची वाट बघताय?"

मी म्हटलं, "थोडं बरं वाटलं की व्यायाम सुरू करणार."

त्या म्हणाल्या, "आपण क्रम उलटा करून बघू. बरं वाटायच्या आधी काहीतरी करायचं. पण ते इतकं छोटं, की बरं न वाटताही जमेल."

या पद्धतीला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. १९७०च्या दशकात पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यामागचा विचार मांडला. उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट करायची सोडतो. मग दिवसात बरं वाटावं असं काही उरतच नाही, म्हणून तो अजून उदास होतो आणि अजून गोष्टी सोडतो. हे चक्र मूडच्या बाजूने तोडणं अवघड असतं, कारण मूड हुकमाने बदलत नाही. कृतीच्या बाजूने तोडता येतं, कारण पायाचा घोटा हलवायला मूड लागत नाही.

मला हे पटलं नव्हतं. 'घोटा हलवून काय होणार?' असंच मनात आलं. तुमच्याही आलं असेल. म्हणून आधी काय केलं ते सांगतो आणि मग काय झालं ते.

तीन पायऱ्या: अंथरूण, ओटा, पार्किंग

ताईंसोबत बसून मी तीन पायऱ्या ठरवल्या. रोज सकाळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता उभं राहवतंय का? नाही म्हटलं तर पहिली पायरी. हो, पण दाराबाहेर जावंसं वाटत नाही, तर दुसरी. चप्पल घालणं शक्य वाटलं तर तिसरी. कोणतीही पायरी चालते. पहिली केली म्हणजे दिवस कमी पडला असं अजिबात नाही.

पहिली पायरी, अंथरूण. पाठीवर झोपूनच दोन्ही पायांचे चवडे स्वतःकडे ओढायचे आणि परत लांब करायचे, दहा वेळा. मग एक गुडघा दुमडून टाच अंथरुणावरून घसरत जवळ आणायची, परत सरळ करायची. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा. मग श्वास घेताना दोन्ही हात डोक्यामागे न्यायचे, सोडताना खाली आणायचे, पाच वेळा. शेवटी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठून बसायचं आणि तळपाय जमिनीला टेकवायचे. असंच अर्धा मिनिट बसायचं. हे अर्धं मिनिट महत्त्वाचं आहे. बराच वेळ आडवं राहून, त्यातही उपाशीपोटी, एकदम उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. उशाशी पाण्याची बाटली असेल तर दोन घोट प्या. एवढंच. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. यानंतर परत आडवं व्हावंसं वाटलं तर व्हा.

दुसरी पायरी, ओटा. ही मी चहाला जोडली, कारण चहा मी त्या दिवसांतही सोडला नव्हता. आधण ठेवलं की ओट्याला हात टेकवून टाचा वर उचलायच्या आणि हळू खाली आणायच्या, दहा वेळा. मग ओट्यापासून दोन पावलं मागे सरकून, हात ओट्याच्या कडेवर ठेवून कोपरातून वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, आठ वेळा. जोर मारतो तसंच, पण तिरकं उभं राहून, त्यामुळे वजन फार येत नाही. कडेला पाणी सांडलेलं नाही ना आणि गॅस हातापासून लांब आहे ना, तेवढं बघा. उरलेला वेळ स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या. चहा उकळला की संपलं. टायमर लावायची गरजच नाही, चहा हाच टायमर.

तिसरी पायरी, पार्किंग. आमच्या बिल्डिंगच्या खाली झाकलेलं पार्किंग आहे, त्यामुळे पावसाचं निमित्त चालत नाही. लिफ्टने खाली यायचं, तीन फेऱ्या मारायच्या आणि वर जायचं. माझी एक फेरी सव्वादोनशे पावलांची होते. तीन फेऱ्या आणि येणं-जाणं धरून दहा मिनिटं. कपडे बदलायचे नाहीत. घरातल्या हाफ पँटवर आणि चपलांवरच. बूट शोधणं, मोजे शोधणं यातच माझी अर्धी एनर्जी जायची, म्हणून ती पायरीच काढून टाकली.

वेग किती? सोपी खूण अशी, की चालताना फोनवर कुणाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे.

हळू का? जोरात का नाही?

मला आधी वाटायचं की हळू हालचाल म्हणजे 'काहीच नाही त्यापेक्षा बरं', खऱ्या व्यायामाची गरीब आवृत्ती. पण मूडपुरतं बोलायचं तर असं नाहीये.

व्यायाम चालू असताना माणसाला कसं वाटतं, यावर पँटेलेमॉन एकेकाकिस या संशोधकाने खूप काम केलंय. त्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. वेग जोपर्यंत बोलता येईल इतका असतो, तोपर्यंत बहुतेकांना चालताना बरंच वाटतं. श्वास लागायला लागतो ती रेषा ओलांडली की काहींना अजूनही मजा येते, पण बऱ्याच जणांना नकोसं व्हायला लागतं. त्याच्या अजून वर गेलं तर जवळपास सगळ्यांनाच वाईट वाटतं.

आता विचार करा. महिनाभर अंथरुणात असलेल्या माणसाची ही रेषा कुठे असेल? खूप खाली. एरवी ज्याला आपण वॉर्म-अप म्हणतो, तिथेच. म्हणजे यूट्यूबवरचा तो माणूस उड्या मारत होता तेव्हा मी आळशी होतो म्हणून व्हिडिओ बंद केला असं नाही. माझ्यासाठी तो डोस खरंच चुकीचा होता. आणि जी गोष्ट करताना वाईट वाटतं ती गोष्ट आपण उद्या करत नाही, हे सांगायला संशोधक लागत नाही.

'दहा मिनिटांनी काय होतं' यावरही काम झालंय. १९८७ मध्ये रॉबर्ट थेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन गोष्टींची तुलना केली, दहा मिनिटं झपझप चालणं आणि एखादा गोड खाऊ खाणं. चालल्यानंतर लोकांना जास्त तरतरी आणि कमी ताण जाणवला. गोड खाल्ल्यावर आधी तरतरी आली, पण तासाभराने ताण वाढला आणि थकवाही. दुपारी चारला स्विगी उघडणाऱ्या माझ्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी! फक्त ते निरोगी लोक होते आणि झपझप चालत होते, म्हणून मी त्यातून एवढंच घेतो की दहा मिनिटं हा अगदीच फुकट जाणारा वेळ नाही.

आणि 'दहा मिनिटंसुद्धा नाही जमली तर?' पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये असं होतं की हालचाल निदान दहा मिनिटं सलग असेल तरच धरायची. २०२०च्या नव्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट आहेच, पण दोन मिनिटंही हिशेबात धरली जातात.

माझी वही, म्हणजे फोनमधली नोट

आता मोजायचं कसं? फीलिंग स्केल नावाची एक साधी मोजपट्टी आहे, १९८९ पासून वापरात आहे. उणे पाच म्हणजे खूप वाईट वाटतंय, शून्य म्हणजे ना धड बरं ना वाईट, अधिक पाच म्हणजे खूप छान. हालचालीच्या आधी एक आकडा लिहायचा, नंतर एक.

मी त्यात दोन आकडे वाढवले. सुरू करायच्या आधी एक अंदाज, की हे करून मला किती वाटेल. आणि दोन तासांनी परत एक आकडा. चौदा दिवस ठेवलेल्या त्या नोटमधल्या चार ओळी अशा:

```
D1 bed     before -3 guess -3 after -2 2h -3
D4 ota     before -3 guess -4 after -2 2h -2
D6 parking before -2 guess -2 after  0 2h -1
D9 run     before  0 guess +3 after +1 nextday -4
```

पहिल्या तीन ओळी बघू, चौथीकडे नंतर येतो.

पहिली गोष्ट, फरक छोटा आहे. एक, फार तर दोन. उणे तीनचं अधिक तीन कधीच झालं नाही. चौदापैकी अकरा दिवस मी काहीतरी केलं. त्यातले आठ दिवस आकडा वर गेला, दोन दिवस होता तिथेच राहिला आणि एक दिवस खाली आला. त्या दिवशी पार्किंगमध्ये मॅनेजरचा फोन आला होता, त्याचं खापर हालचालीवर फोडता येणार नाही.

दुसरी गोष्ट, माझा अंदाज चुकत होता, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकत होता. अकरापैकी नऊ वेळा मी लिहिलं होतं की काही फरक पडणार नाही किंवा अजून वाईट वाटेल. हे वाचून मला बगच सापडल्यासारखं झालं. 'काही उपयोग नाही' हे मला निरीक्षण वाटत होतं, ते निरीक्षण नव्हतं, तो अंदाज होता आणि तो बनवणारं डोकं उणे तीनवर बसलेलं होतं. २०१६ मध्ये मिलर आणि क्रिझान या दोघांचा अभ्यास आला होता. त्यांना दिसलं की साधं चालण्याने माणसाचा मूड थोडा सुधारतो, आणि 'याने मूड खराबच होईल' असं आधीपासून वाटत असलं तरीही सुधारतो. म्हणजे विश्वास ठेवायची गरज नाही. 'याने काही होणार नाही' असं म्हणत म्हणत पार्किंगमध्ये फिरा, चालतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दोन तासांचा आकडा बघा. पहिल्या दिवशी तो परत उणे तीनवर आलाय. म्हणजे जे मिळालं ते टिकलं नाही. मी वैतागून ताईंना म्हटलं, "मग काय उपयोग?"

त्यांनी विचारलं, "मधल्या वेळात काय केलंत?"

मी म्हटलं, "परत आडवा झालो, रील्स बघितले."

त्या म्हणाल्या, "हालचालीने दार थोडा वेळ उघडतं. त्या वेळात एक काम आत ढकला. एकच."

उघडलेल्या दारातून एक काम

हे ऐकल्यावर माझ्यासाठी सगळं बदललं. हालचाल हा इलाज नाही, ती अर्ध्या तासाची खिडकी आहे. त्या अर्ध्या तासात उणे तीनचा माणूस उणे दोन किंवा उणे एक असतो. उणे तीनवर अंघोळ जमत नाही. उणे एकवर जमते.

म्हणून मी आदल्या रात्रीच एक काम ठरवायला लागलो. ते पंधरा मिनिटांत संपणारं असावं आणि संपलं की डोळ्यांना दिसावं. अंघोळ. चार दिवसांची भांडी घासणं. आईचा मिस्ड कॉल परत लावणं. एक पीआर रिव्ह्यू करणं.

सहाव्या दिवसाचं सांगतो. दुपारी साडेतीन, आकडा उणे दोन. पार्किंगच्या तीन फेऱ्या मारल्या. वॉचमन काका म्हणाले, "काय साहेब, गाडी शोधताय का?" मी म्हटलं, "नाही काका, पाय मोकळे करतोय." वर आलो, आकडा शून्य. ठरलेलं काम होतं आईला फोन. बसलो असतो तर राहिलं असतं, म्हणून उभ्यानेच लावला. ती साताऱ्याहून गेले तीन आठवडे म्हणत होती, "अरे जरा बाहेर फिरून येत जा." आणि मी दर वेळी चिडत होतो. त्या दिवशी म्हटलं, "आत्ताच फिरून आलो." ती दोन सेकंद गप्पच. मग म्हणाली, "जेवलास का?" सात मिनिटं बोललो. दोन तासांनी आकडा उणे एक होता, सुरुवातीपेक्षा एकाने वर. पहिल्या दिवसासारखा मूळ जागेवर गेला नव्हता. चालण्याने मिळालेलं थोडं उतरलं होतं, पण आईशी बोललो होतो ते तर बोललोच होतो ना. पहिल्या दिवशी मागे काहीच उरलं नव्हतं.

नवव्या दिवशी काय बिघडलं

आता ती चौथी ओळ. नवव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा आकडा शून्य. इतक्या दिवसांत प्रथमच! ऊन पडलं होतं. मला वाटलं, झालं, सुटलो यातून. बूट शोधले आणि पळायला गेलो. थांबत-थांबत चार किलोमीटर. अंदाज लिहिला होता अधिक तीन, मिळाला अधिक एक. दुसऱ्या दिवशी पाय भरून आलेले, आकडा उणे चार आणि डोक्यात एकच वाक्य, 'बघ, तुला नाही जमत.' पुढचे तीन दिवस मी पहिली पायरीसुद्धा केली नाही.

ही चूक जवळपास सगळेच करतात. चांगल्या दिवशी उसनं घेतो आणि पुढचे तीन दिवस फेडत बसतो. म्हणून ताईंसोबत दोन नियम ठरले. एक, 'अजून थोडं जमेल' असं वाटत असतानाच थांबायचं, चांगल्या दिवशी तर नक्कीच. दुसरा, एक आठवडा तेवढंच ठेवायचं आणि जमलं तर पुढच्या आठवड्यात फक्त दोन मिनिटं वाढवायची. या हिशेबाने दहा मिनिटांची वीस व्हायला पाच आठवडे लागतात. मला सात लागले. मधले दोन आठवडे मी परत ओट्यावर आलो होतो.

तेरावा दिवस पहिल्या पायरीने सुरू केला. बुडालेले तीन दिवस भरून काढायचा प्रयत्न केला नाही. त्याची सवय आपल्याला अ‍ॅटेंडन्समुळे लागलेली असते, इथे ती उपयोगाची नाही.

हे कुणासाठी नाही

आता जरा नीट ऐका.

काही लोकांमध्ये थोड्याशा हालचालीनंतर, साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी, सगळंच कोसळतं. नुसते पाय दुखत नाहीत. ताप आल्यासारखं अंग मोडून येतं, डोकं चालेनासं होतं, झोपूनही थकवा जात नाही आणि हे कित्येक दिवस राहतं. कोव्हिड किंवा दुसऱ्या विषाणूच्या आजारानंतर काहींना असं होतं, मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस या आजारात तर हे मुख्य लक्षण असतं. अशांनी 'हळूहळू वाढवत नेऊ' हा माझा नियम वापरू नये. वाढवल्याने त्यांचं नुकसान होऊ शकतं. म्हणूनच दुसऱ्या दिवसाचा आकडाही लिहा म्हणतो. लगेच नंतरचा आकडा वर आणि दुसरा दिवस दर वेळी ढासळलेला असं दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना ती नोट दाखवा.

चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, जरासं चालूनही धाप लागली, तर ते मूडचं प्रकरण समजू नका. आधी तपासणी.

आणि उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर पार्किंगच्या फेऱ्या उपचारांच्या सोबत करायच्या, उपचारांऐवजी नाही. गोळ्या चालू असतील तर 'आता चालतोय ना' म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. जगणंच नको असे विचार येत असतील तर हालचालीच्या पायऱ्यांमध्ये अडकू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सोबत असणाऱ्यांसाठी एक

मला ज्यांनी 'जिमला जा, सगळं ठीक होईल' असं सांगितलं त्यांच्यावर माझा राग नाही, पण उपयोग झाला तो रूममेटच्या वाक्याचा. तो एवढंच म्हणायचा, "मी खाली कचरा टाकायला चाललोय, चप्पल घाल." त्यात ना सल्ला होता ना उद्दिष्ट. कचऱ्याचा डबा पार्किंगच्या त्या टोकाला आहे, म्हणजे एक फेरी आपोआप व्हायची. तुमच्या घरात कुणी असं आडवं पडून असेल, तर त्यांना काय करायचं ते सांगण्याऐवजी तुम्ही काय करायला चाललाय ते सांगा आणि दार उघडं ठेवा. नाही आले तर उद्या परत विचारा, त्याच आवाजात.

आजही माझे उणे दोनचे दिवस येतात. गेल्या गुरुवारीच आला होता. त्या दिवशी पार्किंग झालं नाही, ओटाही झाला नाही. अंथरुणातच घोटे हलवले, उठून बसलो, अर्धा मिनिट तळपाय फरशीवर ठेवले. फरशी गार होती. आकडा उणे दोनचा उणे एक झाला. ठरलेलं काम होतं या भागाचे मुद्दे लिहून काढणं, ते तेवढ्यात केलं.

तुम्ही हे अंथरुणात पडूनच वाचत किंवा ऐकत असाल, तर आत्ता एक आकडा लिहा, मग दहा वेळा चवडे ओढा, मग परत एक आकडा लिहा. फरक नाही पडला तर तेही लिहून ठेवा. आणि दुसऱ्या आकड्यानंतर तुम्ही कोणतं एक काम केलंत, ते मला कळवा. पुढच्या भागात मला त्याच कामांची यादी वाचायची आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!